‘ताई, होलसेल रेट?’ याच्या पुढे गाडी सरकत नाही, त्यावर उपाय

तक्रार सगळ्यांची सारखीच असते. व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून मेसेज येतो, ‘हळद पावडर होलसेल रेट सांगा’. आपण हातातलं काम टाकून रेट कळवतो. दोन निळ्या टिका दिसतात आणि माणूस गायब. नाहीतर आठ दिवसांनी उगवतो आणि म्हणतो, ‘त्याच रेटनं दहा किलो द्या, चालली तर पुढे मोठी ऑर्डर देतो.’ एखादा ऑर्डर पक्की करतो, आपण हळद दळून ठेवतो आणि ॲडव्हान्सचं नाव काढलं की उत्तर येतं, ‘माल तर पाठवा, मिळाला की लगेच टाकतो.’

मी समुद्रपूर तालुक्यात हळद पावडर करून विकते, म्हणून खालचं सगळं उदाहरण हळदीचं आहे. तुमचं लाल तिखट असेल, जवसाची चटणी असेल, सरगुंडे किंवा मुगवड्या असतील, तरी रीत तीच लागू पडते, आकडे तेवढे तुमचे घाला. माझे आकडेही हिशोब समजावा म्हणून गोल केलेले आहेत. हळदीचा भाव दर हंगामाला बदलतो, त्यामुळे ते जसेच्या तसे उचलू नका.

वरच्या तीन तक्रारी वेगळ्या दिसतात, पण तिन्हींची सुरुवात एकाच जागी होते. पहिल्या मेसेजला आपण नुसता एक आकडा पाठवतो. तो आकडा किती मालासाठी, कोणत्या पॅकिंगसाठी, कुठे पोच आणि कोणत्या तारखेपर्यंत, यातलं काहीच त्यात नसतं. मग समोरचा तो आकडा आपल्या सोयीनं वापरतो.

रेट सांगितला की गायब

‘होलसेल रेट’ विचारणारे साधारण तीन प्रकारचे असतात. पहिला दुकानदार, ज्याला माल देणारा आधीच ठरलेला आहे. त्याला फक्त एक आकडा हवा असतो, तो दाखवून त्याला जुन्या माणसाकडून दोन रुपये कमी करून घ्यायचे असतात. दुसऱ्याच्या घरी लग्न किंवा तेरवी असते, त्याच्या लेखी पाच किलो म्हणजे होलसेलच. तिसरा खरा गिऱ्हाईक. एकच आकडा तिघांना पाठवला तर तिघांपैकी कोण बोलतोय ते आपल्याला कळत नाही, आणि जो खरा आहे तोच बहुतेक वेळा निघून जातो.

तो का जातो, ते समजून घेण्यासारखं आहे. त्याच्या डोक्यात दुसरा एक भाव असतो. हिंगोली-वसमतकडून किंवा सांगलीकडून पन्नास किलोच्या पोत्यात येणाऱ्या सुट्या पावडरचा. आपण पाठवलेला असतो २०० ग्रॅमच्या, लेबल लावलेल्या, सील केलेल्या पाकिटाचा भाव. त्याला किलोमागे पन्नास-साठ रुपयांचा फरक दिसतो आणि तो ‘महाग आहे’ म्हणून चॅट बंद करतो. आपण समजतो भाव जास्त झाला, आणि पुढच्याला कमी सांगतो. इथूनच नुकसान सुरू होतं, कारण मुळात भाव जास्त नव्हता, तुलना चुकीची होती.

काही विक्रेते याच्या उलट टोकाला जातात आणि ‘रेटसाठी फोन करा’ एवढंच लिहितात. मला ते पटत नाही. दुकानदार गल्ल्यावर बसून दहा जणांना मेसेज टाकत असतो, जो काहीच सांगत नाही त्याला तो सोडून देतो. भावाचा पल्ला द्यायचा, पण प्रश्नासोबत द्यायचा. माझं पहिलं उत्तर असं असतं:

‘नमस्कार. हळद पावडर दोन प्रकारात आहे, २०० ग्रॅमचं सीलबंद पाकीट आणि ५ किलोची सुटी पिशवी. पाकिटाचा घाऊक भाव संख्येप्रमाणे ५५ ते ६२ रुपये, माल आमच्या गावातून, गाडीभाडं वेगळं. किती पाकिटं लागतील, कोणत्या गावी, आणि दुकानासाठी की घरच्या कार्यासाठी, एवढं कळवा. पक्का भाव लगेच पाठवते.’

व्हॉट्सॲप बिझनेस वापरत असाल तर हे दरवेळी टाइप करायची गरज नाही. Business tools मध्ये Quick replies आहे, तिथे हा मजकूर एकदा भरून त्याला छोटं नाव द्या, उदाहरणार्थ `/ghau`. चॅटमध्ये तिरकी रेघ टाइप केली की यादी समोर येते. शेतात किंवा गिरणीवर असताना एका हाताने उत्तर जातं.

ज्याला माल हवा आहे तो तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, आणि सहसा स्वतःहून एखादा प्रश्न विचारतो. तारीख किती टाकता, सॅम्पल मिळेल का, ‘वायगावचीच हाय ना?’ असं काहीतरी. (या शेवटच्या प्रश्नाला सांभाळून उत्तर द्या. वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे ते नाव लेबलवर टाकायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी. आपल्या शिवारातली हळद असली तरी नुसतं ‘वर्धा जिल्ह्यातली’ म्हटलेलं बरं.) ज्याला फक्त आकडा हवा आहे तो लिहितो, ‘ते जाऊ द्या, लास्ट रेट सांगा.’ त्याला तोच पल्ला पुन्हा एकदा पाठवा आणि थांबा. मागे लागून ‘काय झालं भाऊ, घेता का’ असं विचारत बसलात की पुढच्या बोलणीत तुमचा हात खाली राहतो.

आपल्याकडे अजून एक गोष्ट घडते. मेसेज आला तरी बोलणं फोनवर होतं, आणि ‘हो हो, पंचावन्नच लावू’ हे तोंडी ठरतं. महिन्याने तोच माणूस म्हणतो, त्रेपन्न ठरले होते. फोन ठेवल्या ठेवल्या जे ठरलं ते दोन ओळींत चॅटवर टाकायचं, त्याने वाचलं म्हणजे झालं.

घाऊक भाव स्टेटसवर कधी टाकू नका. तुमच्या स्टेटसवर तुमचा दुकानदारही असतो आणि त्या दुकानातून ७५ रुपयांना पाकीट घेणारी बाईही असते. तिने ५५ वाचले की दुकानदाराचं गिऱ्हाईक तुटलं, आणि तुमचा दुकानदारही.

पोत्याच्या भावात दहा किलो

‘कमीत कमी किती घ्यावं लागेल?’ याला बहुतेक जण मनाला येईल तो आकडा सांगतात. दहा किलो, पंचवीस किलो, शंभर पाकिटं. मनाने सांगितलेला आकडा कोणी थोडा ताणला की मोडतो, कारण तो का मोडू नये हे आपल्यालाच माहीत नसतं. कमीत कमी माल तुमच्या कामाच्या एककावरून ठरतो. माझ्याकडे ते एकक म्हणजे एक पोतं, ५० किलो कांडी हळद.

त्याचं कारण गिरणीत आहे. आमच्या भागातल्या मसाल्याच्या गिरणीवर हळद आणि मिरची एकाच यंत्रात दळली जाते. कितीही झाडून-पुसून घेतलं तरी सुरुवातीची पावडर लालसर निघते, ती पाकिटात भरता येत नाही. थोडी पावडर यंत्रात आणि कापडी पिशवीत अडकून राहते. हे दोन्ही मिळून दोन किलो धरा. ही घट दहा किलो दळा की पन्नास, तेवढीच असते. त्याशिवाय ओलावा आणि उडणारी भुकटी यांत शेकडा दोन जातात, ती मात्र मालाच्या प्रमाणात.

आता हिशोब करून पाहा. हळद १५० रुपये किलोने घेतली तर पोतं ७,५०० रुपयांचं. गिरणीपर्यंत ऑटो आणि हमाली २००, निवडून वाळवायची मजुरी ४००, दळणावळ २० रुपये किलोने १,०००. एकूण ९,१००. घट तीन किलो, म्हणजे हातात ४७ किलो पावडर. किलोला साधारण १९४ रुपये पडले.

हेच दहा किलोचं करा. हळद १,५००, ऑटो तोच २००, मजुरी १५०, दळणावळ २००. झाले २,०५०. पण घट दोन किलो आणि वर दोनशे ग्रॅम, म्हणजे उरली ७.८ किलो. किलोला २६३ रुपये! तीच हळद, तीच गिरणी, आणि किलोमागे जवळजवळ सत्तर रुपयांचा फरक. ‘दहा किलो त्याच भावात द्या’ म्हणणाऱ्याला तुम्ही सूट देत नसता, त्याच्या मालात स्वतःचे पैसे घालत असता.

पोत्याचे ४७ किलो निघतात, त्यातले दोन किलो सॅम्पल आणि फुटलेल्या पाकिटांसाठी बाजूला ठेवले की ४५ किलो, म्हणजे २२५ पाकिटं. हा माझा एक लॉट. पाकीट, लेबल, भरायची मजुरी आणि खोका धरून किलोला ३१ रुपये वाढतात, म्हणजे किलोला २२५ आणि पाकिटाला ४५ रुपये पडतात. त्यावरून माझे तीन टप्पे ठरले आहेत. दळलेला माल घरात असेल तर ५० पाकिटांपासून ६२ रुपये. पूर्ण एक लॉट घेतला तर ५७. दोन किंवा जास्त लॉट घेतले तर ५५. ५० पाकिटांच्या खाली घाऊक भाव नाही, किरकोळच.

टप्पे लॉटच्या हिशोबाने ठेवल्याने अजून एक भांडण मिटतं. माणूस ‘हजार पाकिटं’ म्हणतो तेव्हा चार लॉटची ९०० होतात आणि उरलेल्या १०० साठी पाचवं पोतं फोडावं लागतं. म्हणून मी ९०० किंवा १,१२५ असे दोनच पर्याय देते. पाचवं पोतं फोडून उरलेली १२५ पाकिटं माझ्याकडे पडून राहणार असतील, तर तो खर्च त्या १०० पाकिटांच्या भावात यायला हवा, आणि ते कोणालाच आवडत नाही.

‘आधी थोडा माल पाहू द्या’ ही मागणी मात्र रास्त आहे. त्यासाठी दहा किलो नको, १०० ग्रॅमचं सॅम्पल पुरतं, आणि त्याचे पैसे व पोस्टाचा किंवा कुरिअरचा खर्च आधी घ्यायचा. शंभर-दीडशे रुपयांची गोष्ट आहे, पण तेवढ्यात बरीच गर्दी ओसरते. सॅम्पल काढताना एकाच दळणातून दोन पुड्या करा. एक त्याला पाठवा, दुसरीवर तारीख आणि त्याचं नाव लिहून सील करून ठेवा. पुढे ‘माल सॅम्पलसारखा नाही, रंग फिका आहे’ अशी तक्रार आली तर समोर ठेवायला काहीतरी असतं.

दिलेल्या भावाला तारीख हवी, मी सात दिवसांची देते. कांडीचा भाव किलोला दहा रुपये वाढला की पाकिटामागे दोन रुपये वाढतात. ५५ च्या भावात पाकिटामागे दहा रुपयेच सुटतात, त्यातले दोन असेच जातात. हळद नवीन येण्याच्या सुमाराला, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, भाव खालीवर जास्त होतो, तेव्हा मी तीन दिवसांवर येते.

‘माल पाठवा, मिळाला की टाकतो’

ॲडव्हान्स किती मागायचा? ‘पन्नास टक्के’ असं सरसकट सांगणारे खूप आहेत. लहान ऑर्डरला पन्नास टक्के मागितले तर चांगला दुकानदारही बिचकतो, आणि मोठ्या ऑर्डरला कधीकधी पन्नास टक्केही कमी पडतात. मी एकच प्रश्न विचारते: हा माणूस उद्या फिरला तर माझे किती पैसे अडकून बसतील?

माझ्याकडे महिन्याला साधारण एक लॉट किरकोळीत आपोआप जातो. त्यामुळे एका लॉटची ऑर्डर रद्द झाली तरी माल पडून राहत नाही. तिथे हजार-दोन हजार ॲडव्हान्स पुरतो, तो फक्त माणूस पक्का आहे की नाही हे पाहण्यासाठी असतो. चार लॉटच्या ऑर्डरमध्ये एक लॉट माझा मी विकीन, तीन अडकतील. तीन लॉटचे हळद आणि दळणाचे २७,३०० रुपये. तेवढा ॲडव्हान्स हवाच. आणि ज्या खर्चाचा दुसऱ्या कोणालाच उपयोग नाही, जसं त्याच्या दुकानाच्या नावाचं स्टिकर, तो पूर्ण आणि आधी.

वणीकडच्या एका दुकानदाराची ऑर्डर यात चपखल बसते, म्हणून ती पूर्ण सांगते. आजूबाजूच्या गावांतल्या लहान दुकानांनाही तो माल पुरवतो. त्याचा मेसेज आला, ‘ताई, हजार पॅकेट घेतो, पन्नास लावा.’ मी सॅम्पल पाठवलं, त्याचे पैसे त्याने कुरकुर न करता टाकले. मग बोलणी झाली. पन्नासला पाकिटामागे पाचच रुपये सुटतात, आणि त्यात हळद थोडी महागली की काम फुकट, म्हणून ५५ च्या खाली मी आले नाही. हजारचे ९०० झाले. त्याला पाकिटावर दुकानाच्या नावाचं वेगळं छोटं स्टिकर हवं होतं, छपाईवाला हजाराच्या खाली छापत नाही, त्याचे १,५०० लागले. ९०० पाकिटांचे ४९,५०० आणि स्टिकरचे १,५०० मिळून ५१,०००.

माझ्या हिशोबाने ॲडव्हान्स व्हायला हवा होता २८,८००. तो म्हणाला, ‘येवढे एकदम नाही जमत ताई, पैसे फिरून राहिले.’ हे खोटं असेलच असं नाही, किराणा दुकानदाराचे पैसे खरंच मालात गुंतलेले असतात. इथे टक्का कमी करण्यापेक्षा ॲडव्हान्सचे दोन तुकडे करणं सोपं पडतं. ऑर्डरच्या दिवशी १५,०००, त्यात स्टिकर आणि जवळपास दोन पोती हळदीची सोय होते. पहिले दोन लॉट दळून भरून झाले, त्याचा फोटो पाठवला की १४,०००. तोवर तिसरं पोतं आणायचंच नाही. उरलेले २२,००० गाडीत माल चढायच्या आधी. दुसरा हप्ता अडला असता तर माझ्याकडे दोन लॉट राहिले असते आणि हातात १५,०००. तेवढं झेपतं.

हे सगळं एका मेसेजात लिहिलं आणि त्याला ‘मान्य’ असं उत्तर द्यायला सांगितलं:

‘ऑर्डर: हळद पावडर २०० ग्रॅम, ९०० पाकिटं, ५५ रुपये, एकूण ४९,५००. स्टिकर १,५००. एकूण ५१,०००. आज १५,०००, दोन लॉट तयार झाल्यावर १४,०००, माल चढवण्याआधी २२,०००. भाडं तुमच्याकडे. पहिल्या १५,००० नंतर १२ दिवसांत माल तयार. स्टिकरचे पैसे परत नाहीत. हळद दळण्याआधी ऑर्डर रद्द केली तर बाकी रक्कम परत, दळल्यावर परत नाही.’

‘१५,००० नंतर १२ दिवस’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दिवस ऑर्डरच्या तारखेपासून मोजले तर तो चार दिवस पैसे लांबवतो आणि घाई मात्र आपली होते. चॅटवर Labels लावून ठेवले की कोण कुठे अडलं आहे ते दिसतं. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये Pending payment आणि Paid आधीपासूनच असतात.

पैसे आले का हे स्क्रीनशॉटवरून ठरवू नका. स्क्रीनशॉट बनवता येतो, बँकेच्या नावाचा मेसेजही बनवता येतो. आपल्या बँकेच्या किंवा यूपीआय ॲपमध्ये जाऊन खात्यात रक्कम जमा झाली का तेच पाहायचं. समोरचा म्हणाला ‘सर्व्हर डाऊन आहे, संध्याकाळी दिसेल’, तर माल संध्याकाळी चढेल.

फसवणुकीची ऑर्डर ओळखण्याची माझी खूण साधी आहे. तो भाव करत नाही. मालाबद्दल एक प्रश्न विचारत नाही, तुम्ही म्हणाल त्या भावाला दोनशे किलो मागतो, आणि दुसऱ्याच मेसेजला पैसे कसे पाठवायचे यावर येतो. बऱ्याचदा तो लष्करातला अधिकारी असल्याचं सांगतो, ओळखपत्राचा फोटोही टाकतो. आपल्याकडे कामठी, पुलगाव ही नावं ऐकली की माणसं विश्वास ठेवतात, हे त्यांनाही माहीत असतं. मग तो क्यूआर कोड पाठवतो आणि म्हणतो, हा स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील. पैसे घ्यायला कधीच क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. दुसरा प्रकार, ‘चुकून ५,००० ऐवजी १५,००० गेले, वरचे दहा हजार परत करा.’ खातं उघडून पाहिलं तर काहीच आलेलं नसतं. आणि खरंच आले असतील तरी लगेच उलट पाठवू नका, बँकेला कळवून त्यांच्यामार्फत परत करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार टाका. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम मध्येच गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

बिल्टी कोणाच्या हातात

उरलेले २२,००० येण्याच्या वेळी बोलणं पुन्हा अडतं. त्याला भीती असते की पैसे टाकले आणि माल आलाच नाही, आपली भीती त्याच्या उलट. जवळचा माणूस असेल तर तो स्वतः किंवा त्याची गाडी येऊन, पाहून, पैसे देऊन माल नेतो, प्रश्नच नाही. वणीवाल्याची पिकअप हिंगणघाटला मालासाठी येतच होती, ती परतताना आमच्याकडून गेली.

दूरचा असेल तर ट्रान्सपोर्टने माल पाठवताना बिल्टी, म्हणजे जी दाखवून माल सुटतो ती ट्रान्सपोर्टची पावती, स्वतःच्या नावावर, ‘सेल्फ’ करायला सांगा. भाडं टू पे, म्हणजे ते माल सोडवणारा भरेल. माल त्याच्या गावच्या गोदामात पोचल्याचं तो फोन करून विचारू शकतो, त्याचा विश्वास बसतो. पैसे खात्यात आले की बिल्टी त्याच्याकडे पाठवा. एक सांगते, त्याआधी बिल्टीचा फोटो किंवा नंबर चॅटवर टाकू नका. लहान ट्रान्सपोर्टच्या गोदामात नुसता नंबर सांगितला, फोटो दाखवला तरी माल सुटतो, मग मूळ कागद आपल्याकडे असून उपयोग नाही. पुरावा हवा असेल तर बांधलेल्या खोक्यांचा, वजनकाट्यावरचा व्हिडिओ पाठवा.

चौकशी बालाघाटकडून किंवा आदिलाबादकडून आली तर भाव द्यायच्या आधी थांबा. राज्यात माल विकताना लहान विक्रेत्याला जीएसटी नोंदणीतून उलाढालीच्या मर्यादेपर्यंत सूट आहे, पण राज्याबाहेर करपात्र माल विकायचा तर सहसा पहिल्या विक्रीपासूनच नोंदणी लागते, आणि हळद पावडर करपात्र आहे. नोंदणी नसेल तर ती ऑर्डर नम्रपणे सोडा, किंवा सीएला विचारून मगच घ्या. पाकिटावर १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक असल्याशिवाय तर जवळचा चांगला दुकानदारही हात लावत नाही, ते आधी करून ठेवलेलं असावं.

यातलं काय चालत नाही तेही सांगून टाकते. गावातल्या आणि आठवडी बाजारातल्या ओळखीच्या दुकानदाराला ॲडव्हान्स मागायला गेलात तर तो हसतो. तिथे उधारी आहे आणि राहणार आहे. त्याला मी लॉटचा भाव लावत नाही, ६२ चाच लावते, आणि एका वेळी ५० पाकिटांच्या वर उधार देत नाही. आधीचे पैसे आले की पुढची ५० पाकिटं. कापूस विकल्यावर देतो म्हणाला तर त्या महिन्यात त्याची पाकिटं मी वणीवाल्यासारख्या रोखीच्या ऑर्डरमध्ये घालते.